पाणी न दाखवलेलं कापड

मी तिसरीपर्यंत शिकलो. त्यातली अर्धी तिसरी बैलं राखण्यात गेली. त्यामुळे कुणी मला समजावून सांगायला लागलं की मला आधी राग येतो, मग ते समजतं. आमची सूनबाई हे बरोबर ओळखून आहे. ती काही समजावत नाही, मोबाईल पुढे धरते आणि गप्प राहते.

सिडकोतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. पूर्वी फक्त माझं होतं, आता पाटीवर 'लेडीज बुटीक' असं लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात 'जेन्ट्स टेलर'. ते बारीक अक्षर म्हणजे मी. काचेच्या दाराजवळ सूनबाईचं टेबल, मागे माझं कापायचं टेबल आणि मशीन. येणारी बायामाणसं तिला 'ताई' म्हणतात, मला 'मास्तर'.

दोन वर्षांपासून ती एक नवीन काम करते. गिऱ्हाईक उभं करायचं, फोटो काढायचा आणि मोबाईलमधल्या त्या यंत्राला सांगायचं, हिच्या अंगावर असा असा ड्रेस घाल. मिनिटभरात ती बाई त्या ड्रेसमध्ये उभी! गळा खोल पाहिजे तर खोल, बाही तीन-चतुर्थांश तर तीन-चतुर्थांश. बोलूनही सांगता येतं, मराठीतही चालतं. मी याला 'चित्रकलेचा तास' म्हणायचो.

"आबा, तास संपला की तुम्हाला बोलावते," ती म्हणायची.

"मी कशाला? मला रेषा सरळ येतात. कात्रीनं."

तर त्या दिवशी सकाळी शाळेतल्या एक बाई आल्या. रिटायर झालेल्या, माझ्याच वयाच्या, पांढरी साडी, पाठ ताठ. बरोबर नात, पुण्यात नोकरी करणारी. पुढच्या महिन्यात पोरीचा साखरपुडा. बाईंनी पिशवीतून कापड काढलं. डाळिंबी रंगाची खादी, घडीवर घडी, मध्ये कडुनिंबाचा पाला. त्यांच्या वडिलांनी स्वतः सूत कातलं होतं, विणून, रंगवून आणलं होतं, आणि मग ते शिवायचं राहूनच गेलं. ट्रंकेत इतकी वर्षं. सात मीटर, पन्हा अरुंद, छत्तीस इंच. दुसरं मिळणार नाही.

"हिच्या साखरपुड्याला याचं काहीतरी शिवायचं," बाई म्हणाल्या. "ती गाऊन म्हणतेय. घेरदार."

"आजी, पायाशी असा लोळला पाहिजे हां," नात म्हणाली आणि हातानं हवेत लाट काढून दाखवली.

सूनबाईनं पोरीला दारातल्या उजेडात उभी केली, फोटो काढला. आदल्या दिवशी एका नवरीसाठी जे वाक्य बनवलं होतं तेच तिनं उचललं आणि रंग तेवढा बदलला. चित्र आलं. खरंच सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. डाळिंबी गाऊन, कमरेपासून सळसळत खाली आलेला. प्रत्येक चुणीच्या काठावर उजेडाची एक बारीक रेघ. पोरगी बघतच राहिली.

बाईंनी चष्मा सारखा केला. "ताई, पण हे रेशीम दिसतंय. आपलं कापड खादीचं आहे ना?"

सूनबाईनं जीभ चावली. कालच्या वाक्यात 'सिल्क' हा शब्द राहून गेला होता. तिनं तो पुसला, तिथे 'खादी' घातलं. बाकी एक अक्षर हलवलं नाही.

दुसरं चित्र आलं आणि पोरीचा चेहराच उतरला. गाऊन तोच, पण असा उभा राहिलेला की आत बांबू घातलेत. घेर होता, पण पुठ्ठ्याचा असावा तसा. चमक शून्य. डाळिंबी रंग जाऊन बिस्किटाचा रंग आला. आणि गंमत म्हणजे पोरीच्या मागची आमच्या दुकानाची निळी भिंतही गेली, तिथे शेणानं सारवल्यासारखी मातीची भिंत!

"आजी, मी पोत्यात घातल्यासारखी दिसतेय गं."

आता इथे मी बोलायला नको होतं. पण यंत्र पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलत होतं असं मला वाटलं, आणि मला तेवढं पुरलं. मी मागून उठून आलो, घडीवरून एक बोट फिरवलं, कापड कडक लागलं, आणि ठसक्यात म्हणालो, "बरोबर दाखवलंय. खादी अशीच. ती लोळत नाही, ती उभी राहते. गाऊनचं मन असेल तर बाजारातून सॅटिन आणा."

पोरगी म्हणाली, "मग आपण तयारच घेऊ, आजी. हे राहू दे. परत कधीतरी."

"परत कधी?" बाई म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी कापडाची घडी घालायला घेतली, पण त्यांच्या हातून ती पहिल्यासारखी होईना. शेवटी त्या म्हणाल्या, "परवा ही पुण्याला जायची आहे. तोवर इथेच राहू दे. परवा सांगते, शिवायचं की परत न्यायचं."

त्या गेल्या. कापड माझ्या टेबलावर राहिलं.

जेवण झाल्यावर सूनबाई दुसरं चित्र मोठं करून बघत बसली होती. तिला भिंतीचं कोडं सुटत नव्हतं. मला तर रंगाचं. खादी म्हटलं म्हणून डाळिंबी रंग का जावा? मी खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली.

"काय आबा, तासाला बसताय?"

"बसतोय. आधी हजेरी घे."

"परीक्षा घेऊ या का त्याची?" ती म्हणाली. "एक फोटो, एक कपडा. फक्त कापडाचं नाव बदलायचं."

फोटो कुणाचा? दुसरं कुणी नव्हतंच. तिनं माझाच काढला, नेहमीच्या धोतर-सदऱ्यात, हातात टेप. म्हणाली, "बोला."

मी मोबाईलच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणालो, "डेनिमचं धोतर."

आलं! निळं, जाड, आणि शिवणींवरून नारिंगी दोऱ्याची दुहेरी टीप. धोतराला शिवण कुठून आली? पण होती. एका बाजूला खिसा, खिशाच्या कोपऱ्याला पितळी रिवेट. नेसण असायला पाहिजे तिथे कापड गुडघ्यापाशी असं मोडलेलं, जशी जीन्सची पँट मोडते. सूनबाई टेबलावर डोकं ठेवून हसली.

"आता शिफॉनचा सदरा," मी म्हणालो.

सदरा आला, आणि आतला बनियन स्पष्ट दिसायला लागला. कापड वाऱ्यावर उडतंय, खोलीत तर पंखाही बंद. वरून माझे असतील नसतील ते केसही उडालेले.

"आता मी सासूबाईंना दाखवू का हे?" सूनबाई म्हणाली.

"दाखव. चाळीस वर्षांत तिनं मला वारा लागलेला बघितला नाही."

मग सिल्कचा सदरा. खांद्यावर, कोपरावर पांढरे पट्टे चमकायला लागले, आरशावर ऊन पडावं तसे. मी जवळून बघितलं. "हे सिल्क नाही," मी म्हणालो. "ही सॅटिनची चमक. सिल्क म्हणजे धागा, सॅटिन म्हणजे विणायची पद्धत. सिल्क मंदही असतं, टसर घे, त्याला गाठी असतात, ते असं चकाकत नाही." सूनबाईनं लगेच बोलून बघितलं, 'टसर, खडबडीत, मंद चमक.' पट्टे खरंच विझले. चुण्या जाड झाल्या. एका शब्दाच्या जागी तीन शब्द आले, आणि कापड बदललं.

मला यात रस वाटायला लागला, हे आता कबूल करतो. मी तोच शब्द परत बोलायला लावला. चुण्या वेगळ्या आल्या. परत, परत वेगळ्या. पण चमक तीच, पडण्याची तऱ्हा तीच. म्हणजे ते आधीचं चित्र जपून ठेवत नव्हतं, दर वेळी नव्यानं घडवत होतं, फक्त शब्दाच्या वळणानं.

"पण ह्याला कापड ठाऊक कसं?" मी विचारलं. "हात तर नाही ह्याला."

"हात नाही. पण ह्यानं लाखो फोटो बघितलेत, आबा. आणि त्या फोटोंखाली काय लिहिलंय ते पण. डेनिम लिहिलेल्या फोटोत बहुतेक निळी जीन्सच असणार, नारिंगी टिपेची. शिफॉन म्हटलं की कुणीतरी बाई वाऱ्यात उभी. म्हणून शब्दाबरोबर सगळा लवाजमा येतो. टीप येते, वारा येतो."

"आणि खादीबरोबर मातीची भिंत."

"आणि बिस्किटाचा रंग."

मी दुसरं चित्र परत मागितलं. गाऊनची ती ताठ धार, कोपराशी मोडलेली कडक घडी. हे मी कुठं बघितलं होतं? आणि मग एकदम लक्षात आलं. सभेतल्या पुढाऱ्याचा सदरा! खळ घालून, कडक इस्त्री मारून घातलेला. खादीचा फोटो म्हटला की तोच निघणार. यंत्रानं पोरीला पुढाऱ्याची खादी नेसवली होती.

हसायला आलं, पण दुसऱ्याच क्षणी मोबाईल खाली ठेवला. कारण मीही तेच केलं होतं.

मी ज्या उस्तादाकडे शिकलो, त्यानं पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. कोरं कापड आलं की त्याला पाणी दाखवायचं. रात्रभर भिजवायचं, सावलीत वाळवायचं, मग टेप लावायची. कोऱ्या खादीत मागावरची खळ असते. सूत तुटू नये म्हणून ताण्याला, उभ्या धाग्यांना, लावलेली. ती आहे तोवर ते कापड खोटं बोलतं. भिजवलं की आकसायचं ते पण आधीच आकसून घेतं. चाळीस वर्षांत मी पाणी न दाखवता एकाही सुती कापडाबद्दल तोंड उघडलं नव्हतं. आणि त्या सकाळी, समोर चित्र होतं म्हणून, एक बोट फिरवून मोकळा झालो. 'खादी अशीच' म्हणे.

सूनबाईला हे सांगायला मला थोडा वेळ लागला. मशीनला तेल घातलं, कात्री पुसली. मग म्हणालो, "बाईंना फोन लाव. कापड भिजवायची परवानगी विचार."

तिनं नंबर लावला आणि मोबाईल माझ्याच पुढे धरला. शहाणी आहे.

बाईंशी मी स्वतःच बोललो. म्हणालो, भिजवल्यावर हातभर आकसेल, रंग जातो का ते आधी बघतो, गेला तर थांबतो. मग बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही तर सकाळी म्हणालात ते उभंच राहतं."

"म्हणालो होतो."

"मग आता?"

"आता ते काय म्हणतंय ते ऐकायचंय."

"भिजवा," त्या म्हणाल्या.

कापडाचा एक कोपरा वाटीतल्या पाण्यात बुडवला, पांढऱ्या चिंधीत दाबला. चिंधीवर गुलाबी डागसुद्धा नाही. बाईंच्या वडिलांनी रंग पक्का केला होता, हे बाईंना माहीत नसेल, मला त्या क्षणी कळलं. मग सगळं कापड मोठ्या पातेल्यात घातलं. पाणी हळूहळू दुधाळ झालं, वर पेजेसारखा वास. खळ निघत होती. तीनदा पाणी बदललं. सकाळी गच्चीवर, टाकीच्या सावलीत दोरीवर घातलं, न पिळता.

वाळल्यावर मी ते माझ्या टेबलाच्या कडेवरून खाली सोडलं. ही आमची जुनी रीत. कडेवर ठेवायचं आणि किती लांब जाऊन वाकतं ते बघायचं. कालचं कापड कडेपुढे वीतभर आडवं उभं राहिलं असतं. हे कडेलाच वाकलं आणि सरळ खाली गेलं. सळसळत नाही, तर वजनानं. चुण्या थोड्या, पण गोल, जाड, बोटाएवढ्या. मुठीत दाबलं, सोडलं, सुरकुत्या राहिल्या, पण मऊ. चमक नव्हती. मात्र खिडकीच्या उजेडात सुताच्या छोट्या छोट्या गाठी दिसत होत्या, आणि त्यांच्यावर उजेड थांबत होता.

"सूनबाई, ये. लिही."

"काय लिहू?"

"मी बघतो ते लिही. धुतलेली, मऊ, हातसुताची खादी. रंग डाळिंबी, तोच राहू दे. चमक नको. धाग्यात बारीक गाठी. खालचा काठ जड. पायालगत सरळ पडतेय. चुण्या थोड्या आणि गोल. खळ नाही, इस्त्री नाही, वारा नाही."

"'नाही' कमी वापरू या, आबा. नाही म्हटलेलंच कधीकधी आणून ठेवतं ते." तिनं खळ, इस्त्री, वारा गाळले, त्या जागी 'स्थिर, मोकळं' घातलं. चमक नको म्हटलं होतं तिथे 'मंद'. "आणि चेहरा, उभं राहणं, मागची भिंत आहे तशीच ठेव, हे लिहिते." शिवाय टेबलावरून लोंबणाऱ्या कापडाचा फोटो काढून तोही जोडला. म्हणाली, "नुसता शब्द दिला की ते जगातली खादी आणतं. आपल्याला ही आणायचीय."

पहिल्यांदा बाह्या फुगल्या. दुसऱ्यांदा पोरीच्या पायात चप्पलच राहिली नाही. तिसऱ्यांदा जे आलं ते आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. निळी भिंत जागेवर. डाळिंबी गाऊन, शांत, खाली जड. कालच्या सिल्कसारखा बघताक्षणी जीव घेणारा नव्हता. पण खोटाही वाटत नव्हता. तरी मी एक चूक काढलीच. उजव्या कोपराशी घडी होती आणि हात तर सरळ होता. "हात न वाकवता घडी पडत नाही," मी म्हणालो.

"त्याला सांगू?"

"राहू दे. एवढं माझ्यासाठी ठेव."

ठरल्याप्रमाणे त्या दोघी आल्या. पोरगी दारातच उभी, पर्स खांद्याला, निघायच्या घाईत. सूनबाईनं मोबाईल हातात घेतला, पण मी थांबवलं. आधी मला बोलायचं होतं, आणि उशीर केला असता तर बोललो नसतो.

"बाई, परवा मी चुकीचं बोललो," मी म्हणालो. "पाणी न दाखवता बोललो. मास्तरानं असं करायचं नसतं."

बाई म्हणाल्या, "आमच्या शाळेत चूक कबूल केली की बसायला सांगायचे. बसा मास्तर."

मी बसलो नाही. कापड उचललं आणि पोरीला म्हणालो, "पर्स ठेव." तिच्या कमरेभोवती कापड गुंडाळलं, मागे चिमटे लावले, आरशापुढे उभी केली. "आता गिरकी घे."

ती वळली. कापड तिच्या मागून आलं, थोडं उशिरानं, जड, आणि पायाशी येऊन थांबलं. ती परत वळली, उलट्या बाजूनं. मग हात लावून बघितला. "हे तेच कापड आहे?"

"तेच. खळ तेवढी गेली."

"पण हे लोळत नाही, मास्तर."

"नाही लोळत. आणि मी लोळवून देतो असं सांगणार नाही. रेशमासारखं सळसळणार नाही. वळशील तेव्हा तुझ्याबरोबर वळेल, एवढंच."

सूनबाईनं मग तिन्ही चित्रं ओळीनं दाखवली. सिल्कचं, पुढाऱ्याचं, आणि आमचं. पोरीनं सिल्कच्या चित्रावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी टेप गळ्यात अडकवून उभा.

"हे सुंदर आहे," पोरगी म्हणाली. मग आरशात स्वतःकडे बघितलं, कमरेवरचं कापड मुठीत धरून सोडलं, परत धरलं. "पण हे तर ह्यात नाहीच. ह्या गाठी. आजी, हात लाव ना. पणजोबांच्या हातून सूत जाड-बारीक झालंय बघ."

"त्यांचा अंगठा दुखायचा," बाई म्हणाल्या. "तिथे जाड व्हायचं."

पोरीनं पर्स आतल्या बाकावर ठेवली. "घेर किती येईल, मास्तर?"

"अरुंद पन्हा आहे, आकसून साडेसहा मीटर उरलंय. तिरक्या पट्ट्यांच्या कळ्या काढाव्या लागतील, बारा. बाही कोपरापर्यंतच. मान्य असेल तर आत्ता कापतो. पण एकदा कात्री लागली की परत ट्रंकेत जाणार नाही."

"कापा," ती म्हणाली, आणि मग आजीकडे बघितलं. बाईंनी मान हलवली.

कापड टेबलावर पसरलं. खडूच्या रेघा मारल्या, दोनदा मोजल्या. लांब कापड सरकू नये म्हणून दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. सूनबाई पुढे आली, पण बाई तिच्या आधी येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी टोक धरलं. ताणून नाही, नुसतं. तसंच धरायचं असतं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी कात्री घातली.

गाऊन तयार झाल्यावर पोरीचा खरा फोटो सूनबाईनं त्याच दारात, त्याच उजेडात काढला. आमच्या चित्राशी ताडून बघितला. काठ चित्रापेक्षा थोडा वर आला होता आणि चुण्या बारा कळ्यांमुळे जास्त होत्या. बाकी बरंच जुळलं. उजव्या कोपराशी घडी नव्हती.

"आबा, ह्याच्याखाली काय लिहू? गिऱ्हाइकांसाठी टाकतेय. नुसतं खादी लिहू?"

"नुसतं नको. पाणी दाखवलेली खादी, असं लिही," मी म्हणालो.

तिनं लिहिलं. आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता तुमच्या डेनिमच्या धोतराचं काय करायचं? सासूबाईंनी मागितलंय."